‘प्रत्येक’, ‘असा’ आणि ‘समूह’

दोन शब्द आपापसांतला संबंध सांगणारे प्रत्यय किंवा शब्द गाळून एकत्र येतात आणि त्यांचा एकच शब्द तयार होतो, तेव्हा त्याला सामासिक शब्द म्हणतात. ‘पोळी करण्यासाठी पाट’ म्हणायचे, त्याऐवजी ‘पोळपाट’ म्हटले की काम भागते. बोलताना गाळलेला हा संबंध पुन्हा भरून दाखवणे म्हणजे विग्रह. पोळपाटाचा विग्रह ‘पोळ + पाट’ असा होत नाही. ती नुसती फोड झाली. ‘पोळीसाठी पाट’ हा विग्रह, कारण त्यातल्या ‘साठी’मुळे दोन शब्दांचे नाते कळते. परीक्षेत समास चुकतो तो बहुधा याच ठिकाणी. उमेदवार शब्द तोडतो, त्याचे दोन तुकडे ओळखतो, पण मधले नाते लिहीत नाही आणि तुकड्यांच्या रूपावरून उत्तर ठरवतो.

समासाचे मुख्य प्रकार चार, आणि ते कोणते पद महत्त्वाचे यावरून पडतात. पहिले पद प्रधान असेल तर अव्ययीभाव, दुसरे प्रधान असेल तर तत्पुरुष, दोन्ही प्रधान असतील तर द्वंद्व आणि दोन्ही गौण ठरून तिसऱ्याच कोणाचा बोध होत असेल तर बहुव्रीही. कर्मधारय आणि द्विगू हे या चारांच्या बरोबरीचे प्रकार नव्हेत. ते तत्पुरुषाच्या पोटातले आहेत. म्हणून ‘नीलकमल’ या शब्दापुढे तत्पुरुष आणि कर्मधारय असे दोन्ही पर्याय दिलेले असतील, तर दोन्ही बरोबर आहेत म्हणून गोंधळण्याचे कारण नाही. नेमका पोटप्रकार सांगणारा पर्याय निवडायचा असतो. नात्याची हीच साखळी आणखी एक कडी पुढे जाते. द्विगू हाही एका अर्थी कर्मधारयच, फक्त त्याचे पहिले पद संख्या सांगणारे विशेषण असते आणि सगळा शब्द मिळून एक समूह दाखवतो. ही गोष्ट लक्षात आली की पर्यायांत द्विगू आणि कर्मधारय शेजारी शेजारी का ठेवलेले असतात, तेही कळते.

आता अव्ययीभाव. या नावातच त्याची व्याख्या आहे. जे मुळात अव्यय नव्हते, ते समासानंतर अव्यय झाले. ‘जन्म’ हे नाम आहे. जन्माला, जन्माने, जन्मात असे ते हवे तसे वळते. ‘आजन्म’ झाल्यावर ते वळेनासे होते. ‘तो आजन्म झटला’, ‘ती आजन्म झटली’, ‘ते आजन्म झटले’: कर्ता बदलला, लिंग बदलले, वचन बदलले, पण शब्द जागचा हलला नाही. तो कर्त्याबद्दल काही सांगत नाही, झटण्याबद्दल सांगतो, म्हणजे क्रियाविशेषण म्हणून येतो. मराठीच्या लेखननियमांतही याचा पुरावा सापडतो. ‘शक्ती’, ‘मती’ हे शब्द मराठीत दीर्घ लिहितात, पण मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांत ‘यथामति’, ‘तथापि’ यांसारखी संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्यये ऱ्हस्वान्त लिहावीत असे सांगितले आहे. म्हणजे ‘शक्ती’तली दीर्घ ई ‘यथाशक्ति’त ऱ्हस्व झाली, कारण शब्दाची जातच बदलली. परीक्षेच्या पुस्तकांत ‘यथाशक्ती’ असेही छापलेले दिसते, ते वेगळे.

मराठीत अव्ययीभाव तीन वाटांनी आला आहे. पहिली वाट संस्कृत उपसर्गांची: आमरण (मरणापर्यंत), यथाक्रम (क्रमाप्रमाणे), प्रतिदिन (प्रत्येक दिवशी). दुसरी फारसी-अरबीची, जी दरबारी लिखापढीतून घराघरांत पोहोचली: दरसाल (प्रत्येक वर्षी), हरघडी (प्रत्येक घटकेला), बेशक (शंकेशिवाय), बरहुकूम (हुकुमाप्रमाणे). ‘बिन’ लावून झालेले बिनधास्त (धास्तीशिवाय) आणि बिनतक्रार (तक्रारीशिवाय) हे शब्दही याच रांगेत बसवतात. तिसरी वाट खास मराठी, शब्दाची द्विरुक्ती करण्याची: गावोगाव, घरोघर, गल्लोगल्ली, पदोपदी, जागोजाग. विग्रह करताना या सर्वांत ‘प्रत्येक’, ‘प्रमाणे’, ‘पर्यंत’ किंवा ‘शिवाय’ यांपैकी एखादा शब्द येतो. विग्रहात हा शब्द आला की अव्ययीभावाचा संशय घ्यावा. मात्र तेवढ्यावर उत्तर देऊ नये.

याचे कारण तिसऱ्या वाटेवर दिसते. ‘पहिले पद प्रधान’ ही व्याख्या ‘यथाक्रम’ला चपखल बसते, कारण ‘यथा’चा ‘प्रमाणे’ हाच तिथला मुद्दा आहे. पण ‘गावोगाव’मध्ये पहिले गाव कुठले आणि दुसरे कमी महत्त्वाचे का, याला काही उत्तर नाही. संस्कृतासाठी आखलेली व्याख्या इथे ताणून बसवली आहे. मराठी शब्दांसाठी व्याख्येपेक्षा वाक्यातला उपयोग जास्त भरवशाचा. ‘कीर्तनकार गावोगाव हिंडले’ या वाक्यात गावोगाव हे हिंडण्याचे स्थळ सांगते आणि अव्ययासारखे वागते, एवढे पुरे. कोणी म्हणेल, ‘गावोगावचे लोक’, ‘दररोजचा खर्च’ असे प्रत्यय लागतात, मग हे अव्यय कसे? पण ‘काल’ आणि ‘वर’ यांनाही ‘कालचा’, ‘वरचा’ असा प्रत्यय लागतोच. काळ आणि स्थळ दाखवणाऱ्या अव्ययांना मराठीने ही मुभा पहिल्यापासून दिली आहे.

खरी अडचण उपसर्ग पाहून उत्तर देणाऱ्याची होते. ‘हरघडी’ आणि ‘हरहुन्नरी’ या दोन्हींच्या आरंभी ‘हर’ आहे. पहिल्याचा विग्रह ‘प्रत्येक घटकेला’ होतो आणि तो क्रियेचा काळ सांगतो. दुसऱ्याचा विग्रह करायला गेले की ‘प्रत्येक हुन्नर अंगी असलेला’ असे म्हणावे लागते, म्हणजे लगेच एक माणूस समोर उभा राहतो. माणूस हरहुन्नरी असतो. कोणतेही काम ‘हरहुन्नरी होत’ नाही. म्हणून हा अव्ययीभाव नव्हे. ‘बेशक’ आणि ‘बेरोजगार’ यांचेही तसेच. ‘बेशक जा’ यात जाण्याविषयी बोलणे आहे, तर ‘बेरोजगार’चा विग्रह ‘ज्याला रोजगार नाही तो’ असाच होतो. विग्रहात ‘ज्याला’, ‘ज्याचा’, ‘ज्याच्याजवळ’ असा शब्द शिरला की अर्थ समासाबाहेरच्या कोणाकडे गेला, आणि तो बहुव्रीहीचा प्रांत. संस्कृत उपसर्गांतही हेच चालते. ‘प्रतिदिन’मधले ‘प्रति’ म्हणजे प्रत्येक, पण ‘प्रतिध्वनी’त प्रत्येक ध्वनी कुठेच नाही, उलट फिरून आलेला ध्वनी आहे. ‘प्रतिध्वनी उमटला’ असे तो नाम म्हणून वावरतो, त्यामुळे ‘प्रति’ दिसले म्हणून त्याला अव्ययीभाव म्हणता येत नाही.

‘बिनशर्त’, ‘बिनचूक’, ‘आमरण’ हे शब्द मात्र दोन्हीकडे वावरतात. ‘पाठिंबा बिनशर्त दिला’ येथे ते क्रियेबरोबर आहे आणि ‘बिनशर्त पाठिंबा’ येथे नामाबरोबर. ‘आमरण उपोषण’ही तसेच. अशा शब्दांचा विग्रह ‘शर्तीशिवाय’, ‘मरणापर्यंत’ असा ‘ज्या’ न आणता पूर्ण होतो, म्हणून ते अव्ययीभावातच धरतात.

कर्मधारयाकडे वळताना आधी एक खूण मनात ठेवावी. त्याच्या विग्रहात दोन्ही पदे प्रथमा विभक्तीत राहतात. साठी, ने, चा, ला यांपैकी काही मध्ये येत नाही. ‘राजवाडा’ म्हणजे राजाचा वाडा. मध्ये ‘चा’ आला, म्हणून तो षष्ठी तत्पुरुष. ‘रक्तचंदन’ म्हणजे रक्तासारखे लाल असे चंदन. चंदन रक्ताचे नाही, रक्तासाठी नाही. ‘महाराष्ट्र’ म्हणजे महान असे राष्ट्र. एक पद दुसऱ्याचे वर्णन करते आणि दोन्ही एकाच वस्तूविषयी बोलतात. जे महान तेच राष्ट्र, जे निळे तेच कमळ. म्हणून विग्रहात ‘असा, अशी, असे’ हा शब्द सहज बसतो.

वर्णन करणारे पद पहिलेच असेल असे नाही, आणि येथे अनेक जण घसरतात. ‘पुरुषोत्तम’मध्ये विशेषण मागे आहे, विग्रह ‘उत्तम असा पुरुष’. ‘भाषांतर’ आणि ‘वेशांतर’ यांत ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणांमधले अंतर नव्हे, ‘अन्य’ किंवा ‘दुसरा’; दुसरी भाषा, दुसरा वेश. हा अर्थ माहीत नसेल तर ‘भाषेचे अंतर’ असा विग्रह सुचतो आणि उमेदवार षष्ठी तत्पुरुषावर खूण करून मोकळा होतो. ‘काळाभोर’, ‘लालभडक’, ‘पांढराशुभ्र’ यांत दोन्ही पदे विशेषणे आहेत. ती द्वंद्व वाटण्याची शक्यता असते, तेव्हा ‘आणि’ घालून पाहावे. ‘काळा आणि भोर’ असे कोणी म्हणत नाही. भोर हा काळ्याचाच गडदपणा आहे. याउलट ‘बरेवाईट’ म्हणजे बरे किंवा वाईट. तेथे दोन वेगळ्या गोष्टी समोरासमोर आहेत, म्हणून ते द्वंद्व.

कर्मधारयाचा दुसरा मोठा भाग उपमेचा. ‘चरणकमल’चा विग्रह ‘कमळासारखे चरण’, ‘मेघश्याम’चा ‘मेघासारखा श्याम’. पहिल्यात ज्याची उपमा दिली ते कमळ मागे आहे, दुसऱ्यात मेघ पुढे आहे, एवढाच फरक. जिथे ‘सारखे’ही पुरेसे वाटत नाही आणि दोन वस्तू एकच मानल्या जातात, तिथे विग्रहात ‘हेच’ येते: विद्याधन म्हणजे विद्या हेच धन, भवसागर म्हणजे भव हाच सागर, ज्ञानामृत म्हणजे ज्ञान हेच अमृत. ‘विद्येचे धन’ असा विग्रह ऐकायला वाईट लागत नाही. पण त्यात धन हे विद्येहून निराळे, तिच्या मालकीचे काही झाले, आणि शब्दाचा रोख तसा नाही. ‘चा, ची, चे’ असलेला विग्रह सुचला की तिथे ‘हेच’ घालून अर्थ अधिक नेमका होतो का हे पाहावे. ‘राजवाडा’मध्ये ‘राजा हाच वाडा’ म्हणता येत नाही, म्हणून तिथे षष्ठी कायम राहते.

पुरणपोळी, साखरभात आणि कांदेपोहे यांचा स्वयंपाक याच गल्लीत होतो, पण चूल वेगळी. पुरणपोळी म्हणजे ‘पुरण अशी पोळी’ नव्हे. ‘पुरण भरून तयार केलेली पोळी’. विग्रहात एक अख्खे पद परत आणावे लागते, म्हणून शालेय व्याकरणात त्याला मध्यमपदलोपी असे निराळे नाव आहे. पर्यायांत हे नाव असेल तर तेच घ्यावे.

द्विगू या समासाचे नाव हे स्वतःच त्याचे उदाहरण आहे: ‘द्वि’ म्हणजे दोन आणि ‘गो’ म्हणजे गाय. संस्कृत वैयाकरणांना समासांची अशी नावे ठेवायची हौस होती. ‘तत्पुरुष’ आणि ‘बहुव्रीही’ हीही त्या त्या समासाची उदाहरणेच आहेत. द्विगूच्या दोन अटी आहेत. पहिले पद संख्यावाचक हवे आणि सगळ्या शब्दाने त्या संख्येइतक्या वस्तूंचा समूह दाखवायला हवा. पंचवटी म्हणजे पाच वडांचा समूह, चातुर्मास म्हणजे चार महिन्यांचा समूह, अष्टविनायक म्हणजे आठ विनायकांचा समूह, सप्ताह म्हणजे सात दिवसांचा. पहिली अट डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे तेवढीच तपासतात. दुसरी विग्रहाशिवाय दिसत नाही.

दुसऱ्या अटीची एक चांगली खूण व्याकरणातच आहे. समूह एक, म्हणून द्विगूचा शब्द एकवचनी असतो. रात्री नऊ, पण ‘नवरात्र बसले’. नऊ रात्री ‘बसल्या’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय ‘रात्र’ हा शब्द स्त्रीलिंगी असून ‘नवरात्र’ मात्र नपुंसकलिंगी झाले. वड पुल्लिंगी, पण नाशिकची पंचवटी स्त्रीलिंगी. सुट्या वस्तूंची ओळख मागे पडून समूहाला स्वतःचे लिंग आणि वचन मिळाले, याची ही चिन्हे आहेत. चैत्रातले आणि आश्विनातले अशी ‘दोन नवरात्रे’ म्हणता येतात, पण ते अनेकवचन समूहांचे आहे, रात्रींचे नाही.

संख्या असूनही द्विगू नसलेले शब्द परीक्षकांचे फार आवडते. ‘दशानन’मध्ये दहा आहे आणि तोंडांचा समूहही कल्पिता येतो, पण हा शब्द उच्चारल्यावर दहा तोंडे मोजायला कोणी बसत नाही. रावण समोर येतो. विग्रह ‘दहा आहेत आनने ज्याला तो’, समास बहुव्रीही. चतुर्भुज, त्रिनेत्र, एकदंत हे त्याच घरातले. रोजच्या बोलण्यातला ‘अष्टपैलू’ही तिथलाच: अष्टपैलू खेळाडू म्हणजे आठ पैलूंचा ढीग नव्हे, अनेक पैलू असलेला माणूस. द्विगू आणि बहुव्रीही यांतली निवड एका प्रश्नावर होते. शब्दाने दाखवलेली वस्तू म्हणजे त्या मोजलेल्या वस्तूच का, की त्या वस्तू जवळ असणारा कोणी तिसरा? अष्टविनायक म्हणजे ते आठ विनायकच. दशानन म्हणजे ती दहा तोंडे नव्हेत, ती ज्याची तो.

‘नव’ हा तर सापळाच. संस्कृतात या एकाच रूपाला दोन अर्थ आहेत, नऊ आणि नवा. नवग्रह आणि नवरात्र यांत नऊ आहेत. नवकवी, नवकथा, नववधू यांत नवेपणा आहे. नववधू म्हणजे नवी अशी वधू, आणि तो कर्मधारय. ‘पंच’ही असाच फसवतो. पंचवटीत पाच आहेत, पण पंचनाम्यात पाच नामे नसतात. तिथले पंच म्हणजे साक्षीला बोलावलेली माणसे. शब्दाच्या आरंभी आकड्यासारखे काही दिसले तरी तो आकडाच आहे का, हे आधी अर्थाने ठरवायचे. याच जातीची एक गंमत ‘दरमहा’त आहे. ‘महा’ पाहून ‘महान’ आठवणाऱ्याला तो कर्मधारय वाटेल, पण हे ‘महा’ फारसीतल्या ‘माह’ म्हणजे महिन्याचे रूप आहे. दरमहा म्हणजे प्रत्येक महिन्याला, म्हणून अव्ययीभाव.

हे सगळे एका प्रश्नावर लावून पाहता येईल. प्रश्न असा: ‘पुढीलपैकी कोणता शब्द द्विगू समासाचा आहे?’ आणि पर्याय: (१) नवकथा, (२) चतुर्भुज, (३) त्रिभुवन, (४) प्रतिमास. घाईने वाचणाऱ्याला पहिल्या तिन्हींत संख्या दिसते आणि चौथ्यात महिना मोजल्याचा भास होतो. आता क्रमाने विग्रह करू. नवकथा म्हणजे काय? नऊ कथांचा समूह हा अर्थ रूपावरून अशक्य नाही, पण मराठीत नवकथा हा शब्द एका विशिष्ट वळणाच्या कथेसाठी रूढ आहे. ‘त्यांनी एक नवकथा लिहिली’ असे वाक्य चालते, आणि नऊ कथांच्या समूहाविषयी असे बोलता येणार नाही. विग्रह ‘नवी अशी कथा’, म्हणजे कर्मधारय. चतुर्भुज: चार भुजांचा समूह की चार भुजा असलेला कोणी? ‘चतुर्भुज विष्णू’ म्हणतात, तेव्हा ‘चार आहेत भुजा ज्याला तो’, म्हणजे बहुव्रीही. लग्न झालेल्याला गमतीने चतुर्भुज झाला म्हणतात तिथेही माणसाविषयीच बोलणे आहे. त्रिभुवन: तीन भुवनांचा समूह. तीन भुवने ज्याच्याजवळ आहेत असा कोणी येथे सूचित होत नाही. ‘त्रिभुवनात कीर्ती पसरली’ यात तीन भुवने मिळून जे होते त्यातच ती पसरली, आणि शब्द एकवचनात आहे. हा द्विगू. प्रतिमास: ‘प्रत्येक महिन्यात’, भाडे प्रतिमास द्यावे लागते. देण्याचा काळ सांगणारे क्रियाविशेषण, म्हणून अव्ययीभाव. उत्तर तिसरे. चारही विग्रह लिहायला अर्ध्या मिनिटाहून फार वेळ लागत नाही. आणि उरलेले तीन का नाहीत हेही कळते, जे नुसत्या पाठांतराने कळत नाही.

प्रश्न उलटा असेल, म्हणजे विग्रह दिलेला आणि समास विचारलेला, तर काम आणखी सोपे होते, कारण दिलेल्या विग्रहातला जोडशब्दच उत्तर सांगतो. मात्र तिथे ‘पीतांबर’सारखा शब्द असेल तर दिलेला विग्रह अक्षरशः वाचावा लागतो. ‘पिवळे असे अंबर’ लिहिले असेल तर वस्त्राविषयी बोलणे चालू आहे आणि समास कर्मधारय. सोवळ्याला नेसायचा पीतांबर तो हाच. ‘पीत आहे अंबर ज्याचे तो’ लिहिले असेल तर बोलणे विष्णूविषयी आहे आणि समास बहुव्रीही. एकच शब्द, दोन विग्रह, दोन बरोबर उत्तरे. ‘कमलनयन’चेही तसेच आहे: ‘कमळासारखे नयन’ म्हटले तर डोळे, आणि ‘कमळासारखे नयन ज्याचे तो’ म्हटले तर डोळ्यांचा धनी. विग्रह दिला नसून वाक्य दिले असेल, तर वाक्यातल्या क्रियापदाकडे पाहावे. ‘त्यांनी पीतांबर नेसला’ आणि ‘पीतांबर शेषावर पहुडला’ या दोन वाक्यांत नेसणे आणि पहुडणे हीच क्रियापदे निवाडा करतात.

विग्रह किंवा वाक्य यांपैकी काहीच दिलेले नसेल तेव्हा काही शब्द खरोखरच दोन्हीकडे झुकतात. ‘पंचांग’ हे त्याचे उत्तम उदाहरण. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांचा समूह म्हटले तर द्विगू. पण दुकानातून विकत आणतात ते पंचांग म्हणजे पाच अंगे नव्हेत, ती ज्यात दिलेली असतात ते पुस्तक. ‘पाच आहेत अंगे ज्याला ते’ म्हटले तर बहुव्रीही. ‘त्रिकोण’ही तसाच: तीन कोनांचा समूह, की तीन कोन असलेली आकृती? अर्थाने पाहिले तर दोन्ही शब्द बहुव्रीहीकडे अधिक झुकतात, कारण पंचांग चाळता येते आणि त्रिकोण काढता येतो, नुसत्या अंगांचे आणि कोनांचे तसे करता येत नाही. तरी संख्यावाचक पहिले पद पाहून ते द्विगूत घालणारेही असतात. अशा शब्दापुढे पर्यायांत द्विगू असेल आणि बहुव्रीही नसेल, तर समूहाचा विग्रह धरून द्विगूवर खूण करावी. बहुव्रीही असेल आणि द्विगू नसेल, तर ‘ज्याला’चा विग्रह धरावा. दोन्ही पर्याय एकत्र आले, तर अर्थ ज्या बाजूला झुकतो त्या बहुव्रीहीवर खूण करावी. उत्तरतालिकेत द्विगू छापून आले आणि हरकती मागवल्या गेल्या, तर नुसते ‘चूक आहे’ असे लिहून भागत नाही. तिथे शब्दाचा विग्रह, त्याचा अर्थ आणि तो वापरलेले एखादे चालू वाक्य लिहून पाठवावे लागते.